इनिशियल आणि फायनल व्हॅल्यू दोन्ही जुळतात, तरी उत्तर चुकीचं कसं?

प्रश्न: सिरीज आरएलसी सर्किट आहे. 10 V डीसी, R = 3 Ω, L = 1 H, C = 0.5 F. t = 0 ला इंडक्टरमधून 1 A वाहतोय आणि कपॅसिटरवर आधीच 2 V आहेत (सोर्सकडची बाजू धन). माझं उत्तर i(t) = 11e^(-t) − 10e^(-2t) आलं. पुस्तकात 7e^(-t) − 6e^(-2t) दिलंय. मी दोन्ही थिअरम लावून पाहिले, सुरुवातीला 1 A आणि शेवटी 0 बरोबर येतात. मग माझं चुकलंय की पुस्तकाचं?

उत्तर:

पुस्तकाचं बरोबर आहे. तुमच्याकडून कपॅसिटरच्या 2 व्होल्टचं चिन्ह उलटं पडलंय. तुम्ही थिअरम लावण्यात काहीच चुकला नाहीत. या सर्किटमध्ये ही चूक त्या दोन तपासण्यांना दिसतच नाही. ती का दिसत नाही ते एकदा नीट कळलं, की अशी चूक कुठे पकडायची हेही कळतं.

केव्हीएल लिहून I(s) बाजूला काढला की असं येतं:

```
        L·i0·s + (V − v0)
I(s) = -------------------
        L·s² + R·s + 1/C
```

इथे i0 म्हणजे सुरुवातीचा 1 A आणि v0 म्हणजे कपॅसिटरवरचे 2 V. आकडे घातले की अंशात s + 8 येतो आणि छेदात (s+1)(s+2). तुमच्या उत्तरावरून मागे गेलं तर तुमच्या अंशात s + 12 असणार, म्हणजे 10 − 2 च्या जागी 10 + 2. ही चूक मी वह्यांमध्ये इतक्यांदा पाहिली आहे की तिचं कारण सांगू शकतो. इंडक्टरची सुरुवातीची अट L·i0 उजव्या बाजूला अधिक चिन्हाने येते, कारण आधीपासून वाहणारा करंट पुढेही वाहत राहायला बघतो. त्याच ओघात हात कपॅसिटरचा v0/s सुद्धा अधिक चिन्हाने लिहून जातो. पण भरलेला कपॅसिटर सोर्सला विरोध करतो, म्हणून तो वजा व्हायला हवा.

आता ती चूक लपली कशी ते पाहू. इनिशियल व्हॅल्यू काढताना आपण s·I(s) घेतो आणि s अनंताकडे नेतो. तेव्हा अंशात s(s + 8) = s² + 8s असतं आणि छेदात s² + 3s + 2. s प्रचंड मोठा झाला की दोन्हीकडचे s² तेवढे उरतात, 8s ची किंमत नगण्य होते. त्यामुळे 8 च्या जागी 12 असो की 800, उत्तर 1 च येणार. थोडक्यात, ही तपासणी अंशातल्या फक्त पहिल्या पदाकडे, L·i0 कडे बघते. तिथे वजा पडला असता तर ताबडतोब −1 A आला असता आणि तुम्हाला कळलं असतं. दुसऱ्या पदाबद्दल ती काहीच सांगत नाही.

फायनल व्हॅल्यूचं तर याहून कमी. s·I(s) मध्ये s = 0 घातला की बाहेरचा s सगळ्याला शून्य करून टाकतो, कारण छेदात त्याला खोडायला एकही सुटा s नाही. म्हणजे इथे अंश काहीही असला तरी शून्यच येणार. सिरीजमध्ये कपॅसिटर असला की कायमचा डीसी करंट वाहत नाही, एवढीच एक गोष्ट त्यातून पक्की होते. कपॅसिटर लिहायचाच विसरला असतात तर शेवटी 10/3, म्हणजे साधारण 3.33 A आला असता आणि चूक पकडली गेली असती. चिन्हाची चूक मात्र या जाळीतून निसटते.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला माझीही अगदी अशाच गणितात अशीच गत झाली होती. दोन्ही टोकं जुळली म्हणून मी उत्तराखाली दोन रेघा ओढल्या आणि मार्क गेले. आमच्या सरांनी काही न बोलता माझ्या पानाच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोनी लूप काढला आणि t = 0 च्या क्षणाचे व्होल्टेज लिहिले. सोर्स 10. रेझिस्टरवर 1 × 3 = 3. कपॅसिटरवर 2. उरले 5, ते इंडक्टरचे. इंडक्टर 1 हेन्रीचा, म्हणून त्या क्षणी करंट सेकंदाला 5 अँपिअर या वेगाने वाढायला हवा. मग त्यांनी माझ्या उत्तराचा डेरिव्हेटिव्ह t = 0 ला काढून दाखवला, तो वेगळाच आला. तेव्हापासून ही तिसरी तपासणी मी कधी सोडलेली नाही.

तुमच्या उत्तरावर ती करू. i(t) = 11e^(-t) − 10e^(-2t) चा डेरिव्हेटिव्ह t = 0 ला −11 + 20 = 9 येतो. पुस्तकाच्या उत्तराचा −7 + 12 = 5. लूपमधून 5 च यायला हवेत. आणि 9 हा आकडा चूक कुठे आहे तेही सांगतो, कारण 10 − 3 + 2 = 9. कपॅसिटरचे 2 व्होल्ट वजा व्हायच्या ऐवजी मिळवले गेलेत.

हीच तपासणी इन्व्हर्स न काढता थेट I(s) वरही होते. di/dt चा लाप्लास s·I(s) − i0 असतो, त्यावर इनिशियल व्हॅल्यू थिअरम लावायचा:

```
di/dt (0+) = lim s→∞  s·[ s·I(s) − i0 ]

s·[ (s² + 8s)/(s² + 3s + 2) − 1 ] = s(5s − 2)/(s² + 3s + 2)  →  5
```

यात i0 वजा करायला विसरू नका. विसरलात तर लिमिट अनंत येते आणि गोंधळ उडतो. मला स्वतःला याहून सोपं वाटतं ते म्हणजे अंशाला छेदाने सरळ भागाकार करणं. s + 8 ला s² + 3s + 2 ने भागलं की 1/s + 5/s² − 17/s³ अशी पदं येतात. म्हणजे सुरुवातीला करंट 1 + 5t − 8.5t² असा चालतो. पहिल्या दोन पदांतच सुरुवातीची किंमत आणि सुरुवातीचा चढ दोन्ही मिळतात.

फायनल व्हॅल्यूही इथे उपयोगी पडू शकते, फक्त ती करंटवर न लावता कपॅसिटरच्या व्होल्टेजवर लावायची. Vc(s) = v0/s + I(s)/(sC). याला s ने गुणून s = 0 घातला की Vc(∞) = v0 + I(0)/C एवढंच उरतं. बरोबर उत्तरात I(0) = 8/2 = 4, म्हणून 2 + 4/0.5 = 10 V, सोर्सइतके. तुमच्या उत्तरात I(0) = 12/2 = 6, म्हणून 2 + 12 = 14 V. दहा व्होल्टच्या सोर्सवर सगळं शांत झाल्यावर कपॅसिटर चौदा व्होल्टवर बसू शकत नाही. हा I(0) म्हणजे सर्किटमधून गेलेला एकूण चार्ज. 0.5 F चा कपॅसिटर 2 वरून 10 व्होल्टवर जायला 4 कूलोम लागतात. तुम्ही 6 कूलोम पाठवलेत.

हे सर्किट लॅबमध्ये 3 किलोओहम, 1 हेन्री आणि 0.5 मायक्रोफॅरड घेऊन मांडलं तर हेच आकडे मिलिअँपिअर आणि मिलिसेकंदांत येतात. (1 हेन्रीच्या कॉइलला स्वतःचा रेझिस्टन्स बराच असतो, तो 3 किलोओहममध्ये धरावा लागतो.) संपूर्ण 3 किलोओहमवरचा व्होल्टेज कागदावर काढून पाहा. तुमची आणि पुस्तकाची, दोन्ही रेषा 3 V ला सुरू होतात आणि दोन्ही शून्यावर संपतात. फरक मधल्या उंचवट्यात आहे. पुस्तकाची रेषा साधारण 6.1 व्होल्टपर्यंत चढते, तुमची 9.1 पर्यंत. तुम्ही फक्त दोन टोकं पाहिलीत आणि फरक सगळा मध्ये होता.

आणखी एक. थिअरम I(s) वर लावला की फक्त मांडणी तपासली जाते. त्यानंतर पार्शल फ्रॅक्शनमध्ये चूक झाली तर ती त्यात येत नाही. त्यासाठी i(t) मध्ये t = 0 घालून ती किंमत थिअरमच्या उत्तराशी ताडून पाहायची. 7 − 6 = 1, ठीक. I(0) साठी प्रत्येक सहगुणकाला त्याच्या घातांकाने भागायचं: 7/1 − 6/2 = 4, हेही ठीक. तुमचंही 11 − 10 = 1 आणि 11/1 − 10/2 = 6 असं I(s) शी जुळतंच, म्हणजे पार्शल फ्रॅक्शन तुम्ही बरोबर केलेत. चूक त्याआधी, केव्हीएलच्या ओळीतच आहे.

शेवटी फायनल व्हॅल्यूची एक अट, कारण ती मोडली तरी थिअरम गप्प बसून काहीतरी उत्तर देतो. याच सर्किटमधला रेझिस्टर काढला तर I(s) = (s + 8)/(s² + 2) होतो. s·I(s) मध्ये s = 0 घातला की शून्य येतं, आणि ते साफ खोटं आहे. करंट cos(√2·t) + (8/√2)·sin(√2·t) असा कायम हेलकावत राहतो, साधारण 5.7 A च्या उंचीने, कधीच थांबत नाही. छेदाची मुळं ±j√2, म्हणजे काल्पनिक अक्षावर असल्यामुळे थिअरम इथे लागूच होत नाही. एसी सोर्स असला की हेच होतं, कारण सोर्सचा s² + ω² छेदात येऊन बसतो. s·I(s) च्या छेदाची सगळी मुळं डाव्या अर्ध्या भागात असली तरच शेवटच्या किमतीवर भरवसा ठेवता येतो. तुमच्या गणितात ती −1 आणि −2 आहेत, म्हणून शेवटी आलेलं शून्य खरं आहे, आणि Vc वर केलेली तपासणीही खरी. इनिशियल व्हॅल्यूला मुळांची ही अट नाही. रेझिस्टर काढलेल्या सर्किटमध्येही ती 1 A च देते, आणि ते बरोबरच आहे.