प्री-इन्फ्युजनने एस्प्रेसोच्या चवीत खरंच फरक पडतो का?

प्रश्न: घरी एस्प्रेसो मशीन घेतलंय. त्यात प्री-इन्फ्युजन आहे, पण ते चालू ठेवावं की बंद, कळत नाही. माझा शॉट एकाच वेळी आंबट पण लागतो आणि कडू पण. याचा त्याच्याशी काही संबंध आहे का?

उत्तर:

संबंध आहे. प्री-इन्फ्युजन म्हणजे पूर्ण दाब देण्याआधी कमी दाबाच्या पाण्याने कॉफी भिजवणं. आंबट आणि कडू एकाच कपात येत असेल तर ग्राइंड बदलण्याआधी बास्केटमध्ये पाणी कसं शिरतंय ते बघा.

दाबून बसवलेली कॉफी कोरडी असते आणि तिच्या कणांमध्ये हवा असते. पंप सुरू होताच तिच्यावर थेट नऊ बारचा दाब आला, तर पाणी सगळीकडे सारखं शिरत नाही. जिथे कॉफी थोडी सैल बसलीय, किंवा बास्केटच्या कडेला फट राहिलीय, तिथूनच ते धावतं. कुंडीतली माती अगदी वाळलेली असताना वरून जोरात पाणी ओतलं की ते कडेने खाली उतरतं आणि मधली माती कोरडीच राहते, तसंच. यालाच चॅनलिंग म्हणतात. त्या वाटेवरच्या कणांमधून जेवढं निघायला नको तेवढंही निघतं आणि जीभ कोरडी पाडणारा कडवटपणा येतो. आजूबाजूच्या कॉफीतून मात्र सुरुवातीला विरघळणारी आम्लंच जेमतेम निघतात. दोन्ही एकाच कपात पडतात, म्हणून तुम्हाला दोन्ही चवी एकदम लागतात. अशा वेळी ग्राइंड जाड केलं तर आंबटपणा वाढतो, बारीक केलं तर कडूपणा वाढतो आणि माणूस गोल गोल फिरत राहतो.

प्री-इन्फ्युजनमध्ये आधी साधारण एक ते तीन बारने पाणी सोडतात. एवढ्या कमी दाबाला फाटाफूट करायची ताकद नसते, त्यामुळे पाणी कणाकणाने झिरपत जातं, हवा बाहेर पडते, कॉफी फुगते आणि बारीकसारीक फटी बुजतात. मग नऊ बार आले की त्यांना सगळीकडून जवळपास सारखाच अडथळा मिळतो. ही कल्पना जुनीच आहे. लिव्हर मशीनमध्ये दांडा खाली ओढून धरला की बॉयलरच्याच कमी दाबाने कॉफी भिजते आणि दांडा सोडल्यावर स्प्रिंगचा जोर येतो. १९६१ च्या फाएमा ई-६१ या मशीनमध्येही दाब हळूहळू चढावा अशीच ग्रुपची, म्हणजे कॉफीवर पाणी सोडणाऱ्या भागाची रचना होती.

विजयनगरमधल्या एका मित्राकडचं उदाहरण सांगतो. मशीन घरगुती, व्हायब्रेटरी पंपाचं. चिकमंगळूरची मध्यम-हलकी भाजलेली कॉफी, भाजून दहा-बारा दिवस झालेली. अठरा ग्रॅम कॉफी घालून छत्तीस ग्रॅम पेय काढायचं, असा हिशोब. प्री-इन्फ्युजन बंद असताना चौथ्या सेकंदाला पहिला थेंब आला आणि बावीस सेकंदांत कप भरला. चव पातळ, आंबट. त्याने ग्राइंड बारीक केलं, वेळ सत्तावीस सेकंदांवर गेली, पण बॉटमलेस, म्हणजे बास्केटचा तळ उघडा दिसणाऱ्या पोर्टाफिल्टरमधून एका बाजूने बारीक पिचकाऱ्या उडायला लागल्या आणि शेवटी तोंडात तुरट कोरडेपणा राहिला. वेळ पुस्तकातली, चव नाही!

मग तेच बारीक ग्राइंड ठेवून फक्त सुरुवात बदलली. कमी दाबाने पाणी सोडून बास्केटच्या तळाकडे बघत बसलो. सातव्या-आठव्या सेकंदाला तळावर बऱ्याच ठिकाणी घामासारखे थेंब फुटले. त्या क्षणी पूर्ण दाब दिला. थेंब जुळून मधोमध एकच धार झाली, पिचकाऱ्या बंद. पंप सुरू केल्यापासून एकूण बत्तीस सेकंद लागले. आंबटपणा राहिला, पण तो आता संत्र्याच्या बाजूचा होता आणि मागून गुळासारखी गोडी आली. आधी बारीक ग्राइंड वाईट वाटत होतं, कारण ते पाणी सारखं पसरत नव्हतं. प्री-इन्फ्युजनचा मोठा फायदा मला हाच वाटतो: चॅनलिंग न होता थोडं बारीक दळता येतं, म्हणजे कॉफीतून जास्त आणि अधिक समान काढता येतं. ग्राइंड तेच ठेवलं तर भिजल्यावरचा प्रवाह कधी कधी उलट जलद होतो, तेव्हा एखादी पायरी बारीक करायची तयारी ठेवा.

किती वेळ? सेकंद मोजण्यापेक्षा थेंब बघा. तळावर थेंब बऱ्याच ठिकाणी दिसले की पुरे. बॉटमलेस नसेल तर नळीतून पहिला थेंब पडेपर्यंत थांबा. हलक्या भाजणीला हे सहा ते दहा सेकंद लागू शकतात, कारण ती कॉफी घट्ट असते आणि तिच्यातून चव मुश्किलीने निघते. गडद भाजणीला दोन-तीन सेकंद किंवा त्याहूनही कमी बास. ती लवकर भिजते, आणि तिला जास्त भिजवलं तर कडवटपणा, धुरकटपणा आधी येतो. दाट, जड तोंडभर लागणारा इटालियन थाटाचा शॉट आवडत असेल, तर लांब प्री-इन्फ्युजन नकोच वाटेल. त्याने चव मोकळी होते, पण जडपणा थोडा कमी होतो.

मशीनमध्ये आधीपासून सेटिंग असेल तर ते चालू ठेवून वेळ बदलून बघा. सेटिंग नसलेल्या, पण वाफेचा नॉब हाताने फिरवायच्या एका बॉयलरच्या मशीनवर एक युक्ती आहे: नॉब उघडा ठेवून पंप सुरू करा. बरंचसं पाणी वाफेच्या नळीतून जातं, कॉफीवर थोडाच दाब येतो. काही सेकंदांनी नॉब हळूहळू बंद केला की दाब चढतो. नळीखाली भांडं धरा, गरम पाणी येतं. पण बॉयलर लहान असतो, त्यातलं गरम पाणी जाऊन थंड पाणी आत येतं आणि तापमान घसरतं. म्हणून चार-पाच सेकंदांपलीकडे ताणू नका, नाहीतर दुसऱ्याच कारणाने आंबट होईल. पंप चालू-बंद करून भिजवणं मात्र सगळ्या मशीनवर चालत नाही. ज्यात शॉट थांबवताच दाब वरून सोडला जातो, तिथे बंद करताच वरचं पाणी परत खेचलं जातं आणि कॉफीचा थर विस्कटतो.

आणि एक गोष्ट. मशीनसोबत आलेली बास्केट दुहेरी तळाची असेल, म्हणजे खाली एकच बारीक छिद्र, तर हे सगळं जवळजवळ लागूच होत नाही. तिथे दाब ते छिद्र तयार करतं, कॉफी नाही. एका तळाची बास्केट आणि तिला पुरेसं बारीक दळणारा ग्राइंडर असेल तरच फरक कळेल. तसंच कॉफी बास्केटमध्ये एका बाजूला ढीग होऊन पडली असेल किंवा तिरकी दाबली असेल, तर प्री-इन्फ्युजन ते फक्त थोडं सावरतं. पिचकारी सतत एकाच बाजूने येत असेल तर बारीक सुईने गाठी मोडून, सपाट करून, सरळ दाबा आणि मग पुन्हा थेंब कुठून फुटतात ते बघा.