काळ-काम: आकडेमोड बरोबर, तरी उत्तर पर्यायांत का नाही?

"तलाठी भरतीची तयारी करतेय. काळ-कामाच्या पानाचा फोटो मैत्रीण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते, त्यावरून सोडवते. सूत्रं पाठ आहेत, तरी एकेका गणिताला चार मिनिटं जातात आणि उत्तर पर्यायांत नसतंच. माझं गणितच कच्चं आहे का? फोटो आणि कच्चं काम सोबत पाठवलंय."

नाही. कच्चं काम ओळीने तपासलं, आकडेमोड कुठेही चुकलेली नाही. फोटोतलं तिसरं गणित पाहा. अ एक काम 12 दिवसांत करतो, ब 18 दिवसांत. दोघं एकत्र सुरुवात करतात, पण काम संपायच्या 3 दिवस आधी अ सोडून जातो. एकूण किती दिवस लागले? पर्याय 6, 9, 10 आणि 13½.

तुमचं उत्तर 8 पूर्णांक 4/7 आलं, कारण पानाच्या घडीजवळचा 18 तुम्ही 16 वाचला. खूण तिथेच होती: छेदात 7 आला आणि एकाही पर्यायाच्या छेदात 7 नाही. अपूर्णांकात उत्तर येणं चूक नाही, पण असा परका छेद आला की आकडेमोड पुन्हा करण्याआधी फोटो मोठा करून आकडे वाचा. मैत्रिणीला फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे तो दाबला जाऊन पुसट होणार नाही.

वेळ जातो तो अपूर्णांकांच्या बेरजेत. त्याऐवजी 12 आणि 18 चा लसावि, म्हणजे 36, हेच एकूण काम धरा. मग अ रोज 3 भाग करतो, ब रोज 2, दोघं मिळून 5. शेवटचे 3 दिवस ब एकटा आहे, म्हणजे 6 भाग त्याचे. उरलेले 30 भाग दोघांनी मिळून 6 दिवसांत केले. 6 + 3 = 9 दिवस. ताळा: ब चे 9 दिवसांचे 18 भाग, अ चे 6 दिवसांचे 18, बेरीज 36.

आता चुकीचे पर्याय कसे बसवलेत ते बघा. शेवटचे 3 दिवस मिळवायचे राहिले की 6 येतात. 'संपायच्या 3 दिवस आधी' हे घाईत '3 दिवसांनी' असं वाचलं, तर दोघांचे 15 भाग होतात, उरलेल्या 21 भागांना ब ला साडेदहा दिवस लागतात आणि नेमके 13½ येतात. म्हणून आकडे लिहिण्याआधी प्रश्नातल्या 'आधी' किंवा 'नंतर' या शब्दाखाली रेघ मारा.

पाचव्या गणितात हेच दोघं एकाआड एक दिवस काम करतात, सुरुवात अ करतो. दोन दिवसांत 5 भाग, म्हणजे 14 दिवसांत 35. उरलेला 1 भाग अ च्या पाळीला येतो, त्याला 1/3 दिवस लागतो. उत्तर 14 पूर्णांक 1/3. सुरुवात ब ने केली असती, तर तेच उत्तर 14½ झालं असतं.