माफीचे पत्र आधी की मशिनची ऑर्डर आधी?

प्रश्न : आमची भोसरीत फ्लेक्झिबल पॅकेजिंगची कंपनी आहे. 2012 मध्ये आफ्रिकेतील एका देशात उपकंपनी काढून कारखाना उभा केला, 2015-16 मध्ये दुसरी लाइन टाकली. प्लास्टिक दाण्यावरील आयात शुल्क दहा वर्षे माफ राहील, असे पत्र तेथील गुंतवणूक मंडळाने दिले होते. जुलै 2022 मध्ये राजपत्रात अधिसूचना काढून सरकारने माफी रद्द केली, आता 25 टक्के भरतो. कारखाना कसाबसा चालू आहे. तीन वर्षे वकिलातीला पत्रे लिहिली. हे अप्रत्यक्ष संपादन ठरून आंतरराष्ट्रीय लवादात पूर्ण कारखान्याचे 60 कोटी मिळतील का? त्यासाठी शेअर्स दुबईच्या कंपनीकडे वळवावेत का? – एक उद्योजक, पुणे

उत्तर : अप्रत्यक्ष संपादनाचा मुद्दा लवकर बाजूला ठेवलेला बरा. मालमत्तेवरचा ताबा, तिचा उपयोग किंवा तिचे मूल्य जवळजवळ पूर्ण हिरावले गेले असेल, तरच लवाद मंडळे त्याला संपादन म्हणतात. नफा आटला किंवा धंदा तोट्यात गेला, एवढे त्यासाठी पुरत नाही. ‘सीएमएस’ या अमेरिकी कंपनीने अर्जेंटिनाविरुद्ध लढलेल्या खटल्यात गॅसवाहिनीचे दर डॉलरशी बांधण्याची हमी सरकारने मोडली होती आणि कंपनीचे नुकसानही मोठे झाले होते, तरी कंपनी आपल्याच व्यवस्थापनाखाली चालू असल्यामुळे 2005 मध्ये लवादाने संपादनाचा दावा फेटाळला. त्याच निवाड्यात परकी गुंतवणूकदाराला द्यायच्या न्याय्य व समन्यायी वागणुकीचा भंग मात्र मान्य झाला आणि 13 कोटी 32 लाख डॉलरची भरपाई मिळाली. आपला कारखाना चालू आहे, संचालक आपलेच आहेत, माल विकला जातो आहे. त्यामुळे संपादनाचा मुद्दा पर्यायी दावा म्हणून अर्जात ठेवायला हरकत नाही. त्यावर विसंबून 60 कोटींचे गणित मात्र मांडू नका.

न्याय्य वागणुकीच्या दाव्यासाठी ते कलम भारत आणि त्या देशातल्या गुंतवणूक-संरक्षण करारात असावे लागते. 2015 च्या नव्या भारतीय नमुना करारात हे व्यापक कलम गाळले आहे आणि त्या जागी न्याय नाकारणे, प्रक्रियेचा गंभीर भंग असे मोजकेच प्रकार ठेवले आहेत. त्या साच्यातला करार आपल्याला लागू असता, तर घटना कळल्यापासून एका वर्षाच्या आत तेथील न्यायालयात न गेल्यामुळे आपण बहुधा उंबरठ्यावरच अडला असता. आपण पाठवलेली कराराची प्रत सुदैवाने जुन्या साच्यातली आहे. हा करार 2017 मध्ये संपला, परंतु समाप्तीपूर्वी केलेल्या गुंतवणुकीला आणखी 15 वर्षे संरक्षण राहील, असे त्याचे शेवटचे कलम सांगते. म्हणजे 2012 आणि 2015-16 चा पैसा 2032 पर्यंत संरक्षित आहे. 2018 मध्ये आपण घेतलेले छपाई यंत्र नाही. दोन्ही देशांनी नंतर संमतीने हे संरक्षण मागे घेतले नाही ना, एवढे परराष्ट्र मंत्रालयाच्या करारसूचीत तपासून घ्या.

माझ्या मते आपल्या प्रकरणाचा सगळा निकाल एकाच गोष्टीवर ठरेल : गुंतवणूक मंडळाचे पत्र आपल्या हाती आले तेव्हा दुसऱ्या लाइनचा पैसा अडकला होता की नव्हता. ‘वैध अपेक्षा’ नावाच्या ज्या तत्त्वावर आपला दावा उभा राहील, त्यात सरकारने दिलेली विशिष्ट हमी आणि तिच्यावर विसंबून केलेली गुंतवणूक, असा क्रम सिद्ध करावा लागतो. गुंतवणूक आधी आणि हमी नंतर असेल, तर हमी ही एक बक्षिसी ठरते, आणि ती काढून घेतल्याबद्दल लवाद सहसा भरपाई देत नाही. पहिला कारखाना 2012 चा असल्याने तो या दाव्यातून आपोआप गळतो. तसेही पत्रात ‘विस्तारित उत्पादनासाठी’ असाच शब्दप्रयोग आहे.

आता कागद पाहू. पत्रावर 18 जून 2015 ही तारीख आहे. मशिनची ऑर्डर आपण एप्रिल 2015 मध्येच दिलेली दिसते आणि 10 टक्के आगाऊ रक्कमही त्याच महिन्यात पाठवली आहे. हे वाचून मी कपाळाला हात लावला. हमीचे पत्र येईपर्यंत दोन महिने थांबणे शक्य होते, निदान ऑर्डरमध्ये ‘सवलत मंजूर झाल्यास’ एवढी अट घालता आली असती. विरुद्ध पक्षाचा वकील पहिल्याच दिवशी ही ऑर्डर पडद्यावर दाखवील आणि विचारील की, जे पत्र आलेच नव्हते त्यावर हे गृहस्थ विसंबले कसे?

तरीही वाट पूर्ण बंद नाही. ऑर्डर दिली म्हणजे पैसा परत न फिरण्याइतका गुंतला असे नव्हे. ऑर्डरच्या अटींत आगाऊ रक्कम सोडून ती रद्द करता येत असेल, आणि उरलेल्या 90 टक्क्यांचे पतपत्र बँकेने जूननंतर उघडले असेल, तर खरा निर्णय पत्रानंतर झाला असे प्रामाणिकपणे म्हणता येते. त्यासाठी तीन कागद शोधा. पहिला, पतपत्र उघडल्याची बँकेची नोंद. दुसरा, परदेशी गुंतवणुकीसाठी अधिकृत बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेकडे गेलेला ओडीआय फॉर्म आणि त्यासोबतचा संचालक मंडळाचा ठराव. तिसरा, उपकंपनीला कर्ज दिलेल्या बँकेची मंजुरी, ज्यात प्रकल्पाचे आर्थिक गणित जोडलेले असते. त्या गणितात दाण्यावरचे शुल्क शून्य धरले असेल, तर तो आपला सर्वांत बोलका पुरावा ठरेल. 25 टक्के धरले असेल, तर हा दावा दाखलच करू नका.

आपल्याशी सर्वांत जवळचे प्रकरण रुमेनियाचे आहे. मिकुला बंधू हे स्वीडनचे नागरिक असलेले उद्योजक. मागास भागात कारखाने काढणाऱ्यांना कच्च्या मालावर आयात शुल्काची माफी देणारी योजना रुमेनियाने 1998 मध्ये आणली, आणि त्यांच्या कंपन्यांना ‘कायम गुंतवणूकदार’ अशी प्रमाणपत्रे दिली. माफी 2009 पर्यंत चालायची होती. युरोपीय संघात प्रवेश करायचा म्हणून सरकारने ती फेब्रुवारी 2005 मध्ये बंद केली. डिसेंबर 2013 च्या निवाड्यात लवादाने सरकारचा हेतू गैर मानला नाही. तरीही बहुमताने असे ठरले की, योजना आणि प्रमाणपत्र मिळून दहा वर्षांची अपेक्षा निर्माण झाली होती, त्या अपेक्षेवर कारखाने वाढवले गेले आणि सवलत मुदतीआधी जाणार हे सरकारने वेळेवर कळवले नाही. भरपाई सुमारे 37 कोटी 64 लाख रुमेनियन लेउ ठरली, व्याज वेगळे. तिघांपैकी एका लवादाने मात्र असहमती नोंदवली, हे विसरू नका. निवाड्यानंतरही युरोपीय आयोगाने ही भरपाई म्हणजे बेकायदा सरकारी साहाय्य आहे, असे म्हणून वसुली अनेक वर्षे अडवली. शिवाजीनगर कोर्टातल्या दरखास्तीसारखीच ती कथा लांबली.

मिकुलांच्या बाजूने असलेली एक गोष्ट आपल्याकडे नाही. आपल्या पत्राच्या सातव्या परिच्छेदात ‘ही सवलत वेळोवेळी अमलात असलेल्या कायद्यांच्या अधीन राहील’ असे वाक्य आहे. सरकार त्यावरच बोट ठेवील. माझे म्हणणे असे की, ते सर्वसाधारण वाक्य चौथ्या परिच्छेदातील ‘उत्पादन सुरू झाल्यापासून दहा वर्षे’ या नेमक्या शब्दांना पुसू शकत नाही, नाही तर दहा हा आकडा लिहिण्याला काही अर्थच उरत नाही. पण लवादांचे यावर एकमत नाही. लिथुआनियाविरुद्धच्या ‘पार्करिंग्ज’ प्रकरणात 2007 मध्ये, कायदा बदलणार नाही अशी स्पष्ट हमी नसेल तर बदलाचा धोका गुंतवणूकदाराचाच, असे ठरले आहे. या मुद्द्यावर मी आपल्याला खात्री देणार नाही.

रकमेकडे येऊ. आपल्या तक्त्यानुसार दुसऱ्या लाइनला वर्षाला सुमारे 8 कोटींचा आयात दाणा लागतो, म्हणजे शुल्क सुमारे 2 कोटी. उत्पादन ऑक्टोबर 2016 मध्ये सुरू झाले, त्यामुळे माफी ऑक्टोबर 2026 पर्यंत होती. जुलै 2022 पासून ती सव्वाचार वर्षे गमावली. हिशेब साडेआठ कोटींच्या आसपास येतो. त्यावर व्याज, आणि बाजार गेल्याचे सिद्ध झाले तर गमावलेला नफा. पिशव्यांचे दर वाढवून शुल्काचा भार ग्राहकांवर टाकला असेल, तेवढी रक्कम वजा होईल. भारत वॉशिंग्टनच्या गुंतवणूक-विवाद केंद्राचा सदस्य नाही, त्यामुळे आपल्या करारानुसार तीन लवादांचे तदर्थ मंडळ बसेल, आणि अशा लढाईत एका पक्षाचा खर्च सहज काही दशलक्ष डॉलरवर जातो. साडेआठ कोटींसाठी त्याहून जास्त खर्च करणे मला व्यवहार्य वाटत नाही. म्हणून माझ्या दृष्टीने या कराराचा आपल्याला खरा उपयोग वाटाघाटीत आहे, आणि त्यासाठी नोटीस लागते.

नोटीस म्हणजे वकिलातीला लिहिलेली विनंतीपत्रे नव्हेत. आपल्या एकाही पत्रात कराराचा उल्लेख नाही, भंग झालेल्या कलमाचा नाही, रकमेचाही नाही. त्यामुळे वाटाघाटीचा सहा महिन्यांचा ठरलेला काळ अद्याप सुरूच झालेला नाही आणि ही तीन वर्षे वाया गेली आहेत. त्या देशाच्या परराष्ट्र आणि अर्थ मंत्रालयांना उद्देशून, करार, कलम, अधिसूचना, पत्राचा चौथा परिच्छेद आणि वरील तक्ता जोडून औपचारिक नोटीस पाठवा. उर्वरित काळापुरती माफी पूर्ववत करावी किंवा भरलेले शुल्क पुढच्या करात वळते करून द्यावे, असा प्रस्ताव त्यातच ठेवा. सरकारांना रोख भरपाईपेक्षा हे सोपे जाते. तेथील न्यायालयात अधिसूचनेला आव्हान द्यायचे असेल, तर आधी कराराचे नववे कलम तेथील वकिलाकडून वाचून घ्या, कारण न्यायालय की लवाद यांपैकी एक मार्ग निवडला की दुसरा कायमचा बंद, असे ते कलम म्हणत असल्याचे मला वाटते.

दुबईचा विचार सोडून द्या. वाद दिसू लागल्यावर दुसऱ्या कराराचे संरक्षण मिळवण्यासाठी शेअर्स दुसऱ्या देशातील कंपनीकडे वळवणे, हा प्रक्रियेचा गैरवापर ठरतो; ‘फिलिप मॉरिस एशिया’चा ऑस्ट्रेलियाविरुद्धचा दावा डिसेंबर 2015 मध्ये याच कारणाने सुनावणीयोग्य ठरला नाही. शिवाय जुन्या कराराखाली आज जो हक्क भोसरीच्या कंपनीकडे आहे, तो अशा हस्तांतरात हातचा जाण्याची शक्यता आहे.

शेवटी, आपण पाठवलेल्या परवाना नूतनीकरणाच्या अर्जाच्या तिसऱ्या पानावर ‘पूर्वीच्या कोणत्याही सवलतीबाबत अर्जदाराचा दावा नाही’ असा छापील मजकूर आहे. तेथील व्यवस्थापकाने तो सहीसाठी आपल्याकडे पाठवला आहे, मुदत या महिनाअखेरपर्यंत आहे. तो मजकूर खोडून, शेजारी आद्याक्षरी करून आणि ‘करारांतर्गत हक्क राखून’ असे लिहूनच अर्ज द्या. खोडलेला अर्ज कार्यालयाने स्वीकारला नाही, तर सही करण्याआधी मला कळवा. आतापासून प्रत्येक खेपेचे शुल्क भरतानाही चलनावर ‘निषेध नोंदवून’ असे लिहीत जा.