चॉप्सवर लोणी सोडण्याची वेळ

प्रश्न : बिडाच्या पॅनमध्ये मटण चॉप्स भाजताना मी लोणी आणि रोझमेरी घालून वरून चमच्याने सोडतो, पण दरवेळी लोणी काळे पडते आणि कडवट लागते. ते नेमके केव्हा घालावे?

आपल्या घरी तूप कढवताना बेरी आधी सोनेरी होते आणि जरा दुर्लक्ष झाले की काळी पडते, हे तुम्ही पाहिले असेल. तुमच्या पॅनमध्ये तेच घडते आहे. लोण्यातील स्निग्धांश जळत नसून त्यातील दुधाचा घन भाग जळतो. चॉपला रंग येण्यासाठी पॅन २०० अंशांच्या वर तापावा लागतो आणि तो भाग साधारण १५० अंशांच्या आसपास तांबूस होऊन त्यापुढे लवकरच करपतो. लोण्यात तेल मिसळल्याने हे टळते, असे अनेकजण सांगतात, पण दुधाचा अंश तेलातही तसाच जळतो.

म्हणून रंग तेलावर आणावा आणि लोणी शेवटच्या दीड-दोन मिनिटांसाठीच घालावे. तीन सेंटिमीटर जाडीचे, कोवळ्या बोकडाचे दोन चॉप्स मी असे करतो : ते कापडाने कोरडे टिपून मीठ लावतो, चमचाभर तेलात पहिली बाजू सुमारे तीन मिनिटे न हलवता भाजतो, उलटवून दुसरी बाजू दोन मिनिटे होऊ देतो आणि मग गॅस मंद करतो. बीड उष्णता धरून ठेवते, त्यामुळे नुसता गॅस कमी करून भागत नाही; पॅन अर्धा मिनिट आचेवरून बाजूला घ्यावाच लागतो. माझीही सुरुवातीची चूक हीच होती. त्यानंतर जळके कण असलेले तेल ओतून टाकावे आणि ३० ग्रॅम थंड लोणी, सालीसकट ठेचलेल्या दोन लसूण पाकळ्या व रोझमेरीची एक कोरडी काडी घालावी. ओली काडी तडतडून अंगावर तेल उडवते.

लोण्याला फेस येतो तो त्यातील पाण्याचा असतो आणि फेस आहे तोवर तापमान फार चढत नाही. पॅन आपल्याकडे कलता करून फेसाळ लोणी चमच्याने चॉप्सवर सतत सोडत राहावे. फेस बसू लागला आणि वास भाजलेल्या सुक्या मेव्यासारखा आला की थांबायची वेळ झाली. मांस अजून हवे तेवढे शिजलेले नसेल, तर सुपारीएवढे थंड लोणी आणखी घालावे, म्हणजे तापमान पुन्हा उतरते. घालताच काही सेकंदांत लोणी तपकिरी होऊन धूर सुटला, तर ते वाचवत बसू नये. पॅन पुसून नवीन लोणी घ्यावे.

कांदा-लसूण मसाला आधीच चोळलेल्या चॉप्सवर मात्र हा प्रयोग करू नका, कारण तिथे मसालाच आधी करपतो आणि दोष उगाच लोण्यावर येतो.