महिन्याच्या सरासरीवर दर ठरवू नका

नव्या होमस्टेवाल्यांना माझं पहिलं सांगणं असतं, की मागच्या वर्षीचं बुकिंग महिन्यावार नाही, रात्रीवार मांडा. समजा खोल्या 4 आहेत. 30 दिवसांच्या महिन्यात विकायला 120 रात्री, त्यातल्या 60 गेल्या. म्हणजे निम्मं भरलं, असं वाटतं. पण शुक्रवार-शनिवारच्या 32 पैकी 30 गेल्या असतील, तर उरलेल्या 88 पैकी 30च गेल्यात. हे दोन वेगळे धंदे आहेत, एकच दर दोन्हीकडे नुकसान करतो.

दर वाढवण्याआधी प्रत्येक बुकिंग किती दिवस आधी आलं तेही लिहा. शनिवार तीन आठवडे आधीच भरत असेल तर दर कमी पडतोय. शेवटच्या दोन दिवसांत कसाबसा भरत असेल तर वाढवू नका. मधल्या वारी सरसकट दर पाडण्यापेक्षा दोन रात्री राहणाऱ्याला सवलत द्या, कारण खोली एकदाच आवरावी लागते.

माणसांचं गणितही इथेच आहे. काम भरलेल्या खोल्यांवर नाही, चेकआउटवर वाढतं. चारही खोल्या रविवारी सकाळी रिकाम्या होऊन दुपारी पुन्हा भरणार असतील, तर जादा हात रविवारी हवा, शनिवारी नाही. कायमचा माणूस मंदीतल्या कामापुरताच ठेवा, बाकी रोजंदारीवर, आणि त्यांना हंगामाआधीच सांगून ठेवा, ऐनवेळी कुणी मिळत नाही.

सणांची तुलना मात्र मागच्या वर्षीच्या त्याच तारखेशी नको, त्याच सणाशी करा. बहुतेक सणांच्या तारखा दरवर्षी सरकतात.