दिसण्यावर नको, घड्याळावर ठेवा

प्रश्न: लग्नाला दोन वर्षं झाली. मला घर आवरलेलं लागतं, नवऱ्याला पसारा दिसतच नाही. "सांग ना, मी करतो" म्हणतो, पण रोज सांगायचं तरी किती? दोघांना चालेल असं काही ठरवता येतं का?

उत्तर:

ठरवता येतं. मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूची आहे, कारण आमच्या घरात पसारा माझा आणि टापटीप यांची. बडोद्यात दांडिया बाजाराजवळ आमचं तळमजल्यावरचं घर आहे, आणि मी घरीच ब्लाउज नि चणिया-चोळी शिवते. लग्नाला १९ वर्षं झाली. त्यातली पहिली कितीतरी वर्षं आम्ही याच एका विषयावर भांडलो.

आधी त्या "दिसतच नाही"बद्दल. तो खोटं बोलत नाही, पण ते पूर्ण खरंही नाही. आमच्या दिवाणखान्यात झोपाळा आहे. गच्चीवरून वाळलेले कपडे खाली आणले की ते त्यावर पडायचे. मला ते दिसायचे, पण दोन-चार कपडे टोचायचे नाहीत. बसायला जागा उरली नाही की मग टोचायचे. यांना पहिला टॉवेल पडला की टोचायचा. मग हेच उठून घड्या घालायचे, आणि माझा टोचण्याचा क्षण कधी यायचाच नाही.

अमेरिकेत अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत जेस अल्बर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरकामाच्या वाटणीबद्दल हेच मांडलं आहे. मुंग्या-मधमाश्यांमध्ये कामं कशी वाटली जातात, यावरच्या संशोधनातून त्यांनी ही कल्पना घेतली. प्रत्येकाची एक मर्यादा असते. ज्याची मर्यादा लवकर गाठली जाते तो आधी उठतो नि काम करून टाकतो. काम झालेलं असल्यामुळे दुसऱ्याची मर्यादा गाठलीच जात नाही. थोड्या दिवसांनी ते काम पहिल्याचंच होऊन बसतं, आणि दुसऱ्याला वाटायला लागतं की त्याला आवडतं म्हणून तो करतो. मलाही अगदी असंच वाटायचं. हे घड्या घालताना रागावलेले असायचे आणि मला खरंच कळायचं नाही की मी न सांगितलेल्या कामावर एवढा राग कशाचा.

म्हणून तुमच्या "रोज सांगायचं तरी किती" या तक्रारीत मुद्दा आहे. सांगायचं म्हटलं की लक्ष ठेवायचं काम तुमच्याकडेच राहतं. तो फक्त हात चालवतो, आणि तुम्ही मुकादम होता. यावर आम्हाला जो उपाय लागू पडला तो एवढाच: काम दिसण्यावर ठेवायचं नाही, घड्याळावर ठेवायचं. "पसारा दिसला की आवर" हे मला कधीच जमलं नसतं. "रात्री साडेनऊला झोपाळा रिकामा" हे जमलं. साडेनऊला तिथे एक रुमाल असो की चादरींचा डोंगर, मी उठायचं. मला टोचतंय की नाही हा प्रश्नच नाही. आणि साडेनऊच्या आधी यांनी त्याला हात लावायचा नाही, ही त्यांची बाजू. ती त्यांना माझ्यापेक्षा जड गेली. पहिल्या आठवड्यात जेवताना त्यांची नजर सारखी तिकडे जायची. पण त्यांनी जर आठ वाजता आवरून टाकलं असतं, तर पुन्हा जुनंच चाक फिरायला लागलं असतं.

याआधी दोन प्रयत्न फसले होते. पहिल्यांदा मी कबूल केलं की सगळं घर यांच्या पद्धतीने ठेवीन. ११ दिवस टिकलं. मोडलं त्याचं कारण आळस नव्हता. मी शिवणकाम पसरून ठेवते ते विसरू नये म्हणून. मशीनच्या डाव्या हाताला ठेवलेलं काम म्हणजे काज-बटण राहिलंय, खुर्चीच्या पाठीवर टाकलेलं म्हणजे गिऱ्हाइकाला माप विचारायचंय. यांनी ते सगळं छान घडी करून कपाटात ठेवलं, आणि एका बाईचा मुंजीचा ब्लाउज तिथेच राहून गेला. त्यांना जो ढीग दिसतो ती माझी यादी असते. तुमच्या नवऱ्याच्या टेबलावर काय पडलेलं असतं ते एकदा त्याला विचारून पाहा. काही गोष्टी नुसत्या टाकलेल्या असतील, पण काही मुद्दाम समोर ठेवलेल्या निघतील, आणि दोन्हींना एकच नियम लावला तर तो मोडणारच.

दुसऱ्यांदा ठरलं, ज्याचं त्याने आवरायचं. हे ऐकायला न्यायाचं वाटतं, पण घरातल्या निम्म्या वस्तू कोणाच्याच नसतात. टपाल, पाहुण्यांचे पेले, मुलीचं दप्तर, उत्तरायणानंतर महिनाभर लोळत पडलेली फिरकी. त्या फिरकीवरून आमचं जेवढं भांडण झालं तेवढं दुसऱ्या कशावरून झालं नसेल.

मग एका रविवारी आम्ही वेगवेगळे घरभर फिरलो आणि प्रत्येकाने तीनच गोष्टी लिहिल्या, ज्या खरंच सहन होत नाहीत. तीनच का, तर यांनी आधी बावीस लिहिल्या होत्या. त्यांच्या तीन उरल्या: झोपाळा, गॅसशेजारचा ओटा आणि जमीन. माझ्या तीन: माझ्या अर्धवट कामाला हात लावायचा नाही, मला न विचारता काही टाकायचं नाही, आणि आवरताना भांडी आपटायची नाहीत. या सहांवर आम्ही बोललो. बाकीच्या एकोणीस गोष्टी त्यांनी सोडल्या. त्या त्यांना अजून दिसतात, मला माहीत आहे.

घाण मात्र या हिशेबात धरली नाही. उष्टी भांडी, ओला कचरा, पलंगावरचा ओला टॉवेल यांच्याबद्दल घासाघीस नाही, ते त्याच दिवशी. बडोद्याच्या पावसाळ्यात ओला टॉवेल एका रात्रीत कुबट वास मारतो. पसारा दोन दिवस थांबला तरी तसाच राहतो, घाण वाढते. भांडताना आपण दोन्हींना "घर कसं ठेवलंयस" या एकाच वाक्यात घालतो आणि मग समोरचा दोन्ही नाकारतो.

माझ्या कामाला खिडकीजवळ सहा फूट बाय चार फूट जागा ठरली. फरशीची रेघ ही तिची सीमा. रेघेच्या आत कसंही असो, यांनी बोलायचं नाही. रेघेबाहेर काही आलं तर त्यांनी ते उचलून एका वेताच्या टोपलीत टाकायचं. घडी घालायची नाही, लावायचं नाही, फेकायचं नाही, फक्त टोपलीत. शनिवारी संध्याकाळी टोपली मी रिकामी करायची. ही टोपली आम्हाला फार उपयोगी पडली, कारण यांना लगेच जमीन मोकळी मिळते आणि मला वस्तू कुठे गेली ते ठाऊक असतं. टोपली मंगळवारीच भरली, तर मी काम जास्त घेतलंय किंवा कोपरा अपुरा पडतोय हे कळतं. एकदा तसं झालं तेव्हा भिंतीवर दोन फळ्या ठोकल्या, आणि भांडण तिथेच मिटलं.

जमिनीचा आग्रह मला वर्षानुवर्षं यांचा हट्ट वाटायचा. २०१९ च्या ३१ जुलैला बडोद्यात एका दिवसात २० इंचांच्या आसपास पाऊस पडला. पाणी घरात शिरलं तेव्हा मशीनखाली गिऱ्हाइकांच्या कापडांच्या पिशव्या होत्या. एका लाल बांधणीचा रंग तीन ब्लाउजपिसांना लागला. ते पैसे मी भरून दिले. तेव्हापासून पावसाळ्यात माझ्या कोपऱ्यातसुद्धा जमिनीपासून दीड फुटाच्या खाली कापड नसतं, आणि हा नियम मी केला आहे.

नवरात्राआधी मात्र हे सगळं मोडतं. इथे गरब्याचं वेड काय असतं ते सांगायला नको, आणि घेरदार घागरे सहा फुटांत मावत नाहीत. म्हणून तेवढ्यापुरती सीमा दिवाणखान्याच्या अर्ध्यापर्यंत जाते, पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परत येते. ती तारीख आधी बोललेली असते. तारीख नसलेली सवलत द्यायची नाही, ती कायमची होते.

एक गोष्ट तुमच्या बाजूने. एकदा यांच्या आत्या आल्या, झोपाळ्याकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "दिवसभर घरीच असतेस ना गं?" ढिगात निम्मे शर्ट यांचे होते. एका अमेरिकन पाहणीत लोकांना एकाच खोलीचा फोटो दाखवला, कोणाला पसारा असलेला, कोणाला आवरलेला. काहींना सांगितलं की ती जॉनची, काहींना सांगितलं की जेनिफरची. पसारा पुरुषांना आणि बायकांना सारखाच दिसला, पण आवरलेली खोलीसुद्धा बाईची म्हटल्यावर लोकांना कमी स्वच्छ वाटली. तेव्हा पाहुणे येणार म्हटल्यावर तुम्हाला जी घाई सुटते आणि त्याला सुटत नाही, तिचं एक कारण हे असू शकतं: बोलणी तुम्हाला बसतात. हे त्याला शांतपणे सांगा. मी यांना सांगितलं, तेव्हापासून पाहुण्यांआधीचा अर्धा तास हे घेतात, आणि आत्या पुन्हा तसं बोलल्या तेव्हा यांनीच उत्तर दिलं, "आत्या, तो माझा ढीग आहे."

हे सगळं साध्या पसाऱ्यासाठी झालं. एखाद्याला रिकामी डबी, फाटकी पिशवीसुद्धा टाकवत नसेल, टाकायचं म्हटलं की जीव कासावीस होत असेल आणि घरात चालायची वाट बुजत असेल, तर तो वेगळा आजार आहे, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवं. नेहमी नीटनेटकं राहणाऱ्याने अचानक सगळं सोडून दिलं तरी आधी त्याची तब्येत विचारा.

तुम्ही एकाच जागेपासून सुरुवात करा, जी तुम्हाला सगळ्यात जास्त टोचते. तिथे काय नसावं हे मोजता येईल अशा शब्दांत लिहा. "नीट ठेव" नको, "सोफ्यावर कपडा नाही" असं. वेळ त्याला निवडू दे, आणि त्या वेळेआधी तुम्ही हात लावू नका. दोन आठवडे एवढंच. चौदातले चार-पाच दिवस चुकले तर चालू ठेवा. त्याहून जास्त चुकले तर वेळ चुकीची निवडली गेली आहे, ती बदलून पाहा. आमची आधी सकाळी सातची होती, आणि सकाळी सातला मी कधीच उठले नाही.