चुकीचे पर्याय कसे सुचवायचे?

प्रश्न: आमचा राज्यसेवेचा अभ्यासगट आहे. दर रविवारी प्रत्येकाने पाच एमसीक्यू आणायचे ठरलंय. प्रश्न आणि बरोबर उत्तर पटकन जमतं, पण बाकीचे तीन पर्याय सुचत नाहीत. काय करावं?

उत्तर: चुकीचा पर्याय मनाने रचू नका. अभ्यास केलेला माणूस नेमका कुठे गल्लत करतो ते शोधा आणि तिथून उचला. राज्यशास्त्रातलंच उदाहरण घेऊ. धनविधेयक राज्यसभेने किती मुदतीत परत करायचं? उत्तर १४ दिवस (अनुच्छेद १०९). आता ७, १०, १४, २१ दिवस असे पर्याय दिले तर चुकणारा फक्त आकडा विसरलेला असतो. त्याने १० दिवस निवडले यावरून तुम्हाला काहीच कळत नाही.

त्याऐवजी राज्यघटनेतल्याच दुसऱ्या मुदती आणा. साधं विधेयक दुसऱ्या सभागृहात ६ महिन्यांहून जास्त अडकलं तर संयुक्त बैठक बोलावता येते. राज्यात विधान परिषदेला साध्या विधेयकासाठी पहिल्या खेपेला ३ महिने मिळतात, दुसऱ्या खेपेला १ महिना. आणि संसद पुन्हा भरल्यावर अध्यादेशाला ६ आठवडे. प्रत्येक आकडा खरा आहे, फक्त जागा चुकीची. ‘३ महिने’ निवडणाऱ्याचा गोंधळ विधान परिषदेशी आहे हे लगेच कळतं आणि चर्चा तिथूनच सुरू करता येते.

यातला ‘१ महिना’ मी गाळेन. १ महिना, ३ महिने, ६ महिने अशी रांग लागली की ‘दिवस’वालं एकटं उत्तर उठून दिसतं. म्हणून १४ दिवस, ६ आठवडे, ३ महिने, ६ महिने.

प्रश्नाचं वाक्य असं: ‘लोकसभेने संमत केलेले धनविधेयक मिळाल्यापासून किती मुदतीत राज्यसभेने ते परत करणे आवश्यक असते?’ ‘मिळाल्यापासून’ गाळलंत तर गटातला एखादा वकील तारखेवरून वाद घालणारच. पर्याय झाकून वाचा. नुसत्या वाक्यावरून उत्तर देता आलं पाहिजे. ‘राज्यसभेबाबत कोणते विधान बरोबर आहे?’ या कसोटीत नापास होतो, कारण तिथे प्रश्न असा नाहीच, चार वेगळी बरोबर-चूक विधानं आहेत.

मराठीत आणखी एक फट राहते, लिंगाची. ‘पंचायत राजसंदर्भात १९५७ मध्ये कोणती समिती नेमली?’ असं विचारून पर्यायात ‘सरकारिया आयोग’ टाकलात, तर तो वाचताक्षणीच बाद. तसंच बरोबर पर्याय सगळ्यात लांब आणि काटेकोर होतो. आपण तो जपून लिहितो ना. बाकीचे तेवढेच लांब करा. ‘वरीलपैकी सर्व’ शक्यतो नकोच, दोन पर्याय बरोबर आहेत हे कळलं की काम झालं.

रविवारी सोडवून झाल्यावर कोणी काय निवडलं ते प्रश्नाशेजारी लिहून ठेवा. दोन-तीनदा वापरूनही एखाद्या पर्यायाकडे कोणीच वळलं नाही तर तो बदला. आणि गटातले पक्के तयारीचे लोक सगळे एकाच ‘चुकीच्या’ पर्यायावर गेले, तर आधी उत्तर मूळ अनुच्छेदाशी ताडून बघा.